पान 58, ओळ 12

1998 सालच्या ऑगस्टच्या अखेरीस बिल गेट्स यांची जबानी सुरू झाली. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला होता. सरकारी बाजूचे वकील डेव्हिड बॉइज प्रश्न विचारत होते आणि कॅमेरा चालू होता. ऑगस्टचे दोन दिवस आणि सप्टेंबरचा एक दिवस हे चाललं. खटला 19 ऑक्टोबरला उभा राहिला. गेट्स त्या सुनावणीत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले नाहीत, तरी त्यांची साक्ष कोर्टाने ऐकली. जबानीतले निवडक तुकडे सुनावणीत वेळोवेळी पडद्यावर दाखवले गेले.

त्या वेळी वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती गेट्स यांच्या उत्तरांची. तीन दिवसांच्या जबानीतून नेमके तेच तुकडे कसे सापडतात, याचा विचार फारसा कुणी केला नाही. त्यामागे एक शांत, चिकाटीचं काम असतं: जबानीच्या ट्रान्स्क्रिप्टचा विषयवार सारांश. पुण्यात बसून अमेरिकेतल्या वकिलांसाठी हे काम मी काही वर्षं केलं, रात्रपाळीला, कारण तिथला दिवस आपल्याकडे रात्री उगवतो. आपल्या कोर्टाशी परिचय असलेल्यांनाही या कामाची कल्पना नसते, म्हणून ते उलगडून सांगावंसं वाटतं.

जबानी, तीही कोर्टाबाहेर

आपल्याकडे दिवाणी दाव्यात साक्षीदाराची गाठ समोरच्या वकिलाशी पडते ती उलटतपासणीत. अमेरिकेत तसं नाही. खटला उभा राहण्याआधीच दोन्ही बाजूंना एकमेकांच्या साक्षीदारांना बोलावून शपथेवर प्रश्न विचारता येतात. याला तिथे ‘डिपॉझिशन’ म्हणतात. वकिलाच्या कार्यालयातल्या बैठकीच्या खोलीत हे घडतं. न्यायाधीश हजर नसतात. साक्षीदार असतो, दोन्हीकडचे वकील असतात आणि प्रत्येक शब्द टिपून घेणारा कोर्ट रिपोर्टर असतो. संघराज्याच्या न्यायालयांत एका साक्षीदाराला साधारणपणे एकच दिवस आणि जास्तीत जास्त सात तास बसवता येतं.

सात तासांच्या प्रश्नोत्तरांची दोन-अडीचशे पानं सहज होतात. छापील ट्रान्स्क्रिप्टच्या पानावर बहुधा 25 ओळी असतात आणि डाव्या कडेला प्रत्येक ओळीचा क्रमांक असतो. त्यामुळे कुठल्याही वाक्याला पत्ता मिळतो. 58:12–17 म्हणजे पान 58, ओळ 12 ते 17. उत्तर पुढच्या पानावर गेलं तर 84:22–85:4. हा पत्ता खटला संपेपर्यंत वकिलाच्या, न्यायाधीशाच्या आणि विरोधी पक्षाच्या हातात सारखाच असतो. सगळ्यांनी एकच पान उघडायचं, एकाच ओळीवर बोट ठेवायचं.

पण वकील खटल्याच्या धामधुमीत अडीचशे पानं चाळत बसू शकत नाही, आणि साक्षीदार एक नसतो, आठ-दहा असतात. म्हणून सारांश लागतो. तो दोन रीतींनी करतात. पहिली रीत पानांच्या क्रमाने जाण्याची: पान 1 ते 5 मध्ये हे, 6 ते 9 मध्ये ते. हा लवकर होतो आणि जबानी कशी पुढे गेली ते कळतं. दुसरी रीत विषयवार मांडणीची, आणि खटल्याच्या तयारीत खरा उपयोग तिचाच. कारण जबानी कधीच विषयाच्या क्रमाने चालत नाही. वकील सकाळी एक गोष्ट विचारतो, जेवणानंतर एखादा कागद समोर ठेवून तिच्याकडे परत येतो आणि संध्याकाळी साक्षीदाराचा स्वतःचा वकील चार प्रश्न विचारून त्याच गोष्टीवर सारवासारव करून घेतो. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं तीन ठिकाणी पडलेली असतात.

एक दुकान, एक ओली जमीन

समजावून सांगण्यासाठी मी एक काल्पनिक प्रकरण घेतो. अशी प्रकरणं तिथे रोजची आहेत. एका मोठ्या किराणा दुकानात दुपारी पावणेतीनला एक बाई सांडलेल्या तेलावरून घसरून पडल्या. कंबरेचं हाड मोडलं आणि त्यांनी दुकानावर दावा लावला. अशा दाव्यात मुद्दा असा असतो: तेल सांडलंय हे दुकानाला माहीत होतं का? माहीत नसेल, तर ते इतका वेळ पडून होतं का, की नीट लक्ष ठेवलं असतं तर कळायलाच हवं होतं? म्हणजे सगळा भार ‘किती वेळ’ या प्रश्नावर. आपण बाईंच्या वकिलांच्या बाजूने आहोत. दुकानाच्या व्यवस्थापकाची जबानी झाली आहे आणि 212 पानांचं ट्रान्स्क्रिप्ट आपल्यापुढे आहे.

सुरुवात ट्रान्स्क्रिप्टपासून करायची नाही. आधी दावा वाचायचा, मग प्रतिवादीचं म्हणणं वाचायचं. त्यातून वादाचे मुद्दे काढायचे आणि मुद्द्यांवरून विषयांची यादी करायची. इथे ती अशी होईल: व्यवस्थापकाचं काम आणि प्रशिक्षण, जमीन तपासण्याचे नियम, त्या दिवशीची तपासणी, अपघाताआधी व्यवस्थापक कुठे होता, अपघातानंतर काय केलं, कॅमेऱ्याचं चित्रण. दहा-बारा विषयांच्या आत यादी बसली पाहिजे. चाळीस विषय केले तर सारांश पुन्हा ट्रान्स्क्रिप्टइतकाच पसरतो. चारच केले तर प्रत्येकाखाली गर्दी होते आणि हवं ते सापडत नाही.

मग पूर्ण जबानी एकदा नुसती वाचायची, टिपणं न काढता. साक्षीदार कसा बोलतो, ‘ते’ आणि ‘तिथे’ म्हणताना त्याच्या मनात काय असतं, हे त्याशिवाय कळत नाही. ट्रान्स्क्रिप्टच्या शेवटी शब्दसूची असते आणि संगणकावर शब्द शोधताही येतो. नवखा माणूस ‘तेल’ शोधतो आणि तेवढ्यावर विषय पूर्ण झाला असं समजतो. पण साक्षीदार एकदा ‘तेल’ म्हणतो, एकदा ‘ओलं’, एकदा ‘ती घाण’, आणि सगळ्यात महत्त्वाच्या जागी नुसतं ‘ते’ म्हणतो. शब्दसूचीने सुरुवात होते, काम पूर्ण होत नाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रश्नोत्तरापुढे विषयाची खूण करायची, आणि एक उत्तर दोन विषयांत बसत असेल तर दोन्हीकडे घ्यायचं.

दोन उतारे

आता या जबानीतला एक तुकडा पाहू. मूळ इंग्रजीत असतो, इथे मराठीत मांडतो.

पान 84
6 प्रश्न: दुपारी एक ते पावणेतीनच्या दरम्यान
7 कुणी ती रांग तपासली का?
8 वकील: प्रश्नाच्या स्वरूपाला हरकत.
9 उत्तर: तपासली असणार. तशी आमची पद्धत आहे.
10 प्रश्न: कुणी तपासताना तुम्ही स्वतः पाहिलं?
11 उत्तर: नाही.

आणि तासाभराच्या विश्रांतीनंतरचा हा:

पान 171
14 प्रश्न: निशाणी 9 पाहा, तपासणीची नोंदवही.
15 एक वाजल्यानंतरची नोंद दिसते का?
16 उत्तर: इथे नोंद नाही.
17 प्रश्न: म्हणजे तपासणी झाली नाही?
18 उत्तर: तसं मी म्हणत नाही. नोंद राहिली असेल.

‘त्या दिवशीची तपासणी’ या विषयाखाली याचा सारांश कसा लिहायचा? मोह होतो तो असा: ‘एकनंतर तपासणी झाली नाही, हे साक्षीदाराला मान्य (84, 171).’ आपल्या पक्षकाराला सोयीचं वाक्य आहे, पण ते जबानीत नाही. साक्षीदाराने तसं म्हटलेलंच नाही, उलट 171:18 ला नाकारलं आहे. वकिलाने या सारांशावर भिस्त ठेवून कोर्टात ‘तुम्ही हे मान्य केलंय’ म्हटलं, तर समोरचा वकील उठून ओळ 18 वाचून दाखवेल आणि ज्युरीसमोर खोटं पडल्यासारखं होईल.

बरोबर नोंद अशी होईल: ‘1:00 ते 2:45 या वेळेत रांग “तपासली असणार”, तशी पद्धत आहे, हरकत नोंदवली आहे (84:6–9). कुणी तपासताना स्वतः पाहिलं नाही (84:10–11). निशाणी 9 मध्ये एकनंतरची नोंद नाही; तपासणी झाली नाही असं म्हणत नाही, नोंद राहिली असेल (171:14–18).’

या चार ओळींत कामाचे बहुतेक नियम आले आहेत. ‘असणार’ हा शब्द साक्षीदाराचाच ठेवला, कारण ‘तपासली’ आणि ‘तपासली असणार’ यात खटल्याचं अंतर आहे. ‘पाहिलं नाही’, ‘आठवत नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘झालं नाही’ ही चार वेगळी उत्तरं आहेत, त्यांची सरमिसळ करायची नाही. हरकत नोंदवली, कारण पुढे न्यायाधीश ती मान्य करून तो भाग वगळू शकतात आणि वकिलाला हे आधी माहीत हवं. निशाणीचा क्रमांक दिला, कारण नोंदवही हातात नसेल तर उत्तराला अर्थ राहत नाही. आणि प्रतिकूल वाक्यही घेतलं. ते लपवल्याने नाहीसं होत नाही, आणि आपल्या वकिलाला ते समोरच्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावं लागू नये.

संदर्भ 171:16 एवढाच दिला नाही, 14 पासून 18 पर्यंत दिला, हेही पाहा. ‘इथे नोंद नाही’ या उत्तराला प्रश्नाशिवाय अर्थ नाही. शिवाय जबानीचा अर्धाच भाग कोर्टात वाचला, तर न्यायाच्या दृष्टीने सोबत यायला हवा तो उरलेला भागही वाचायला लावण्याचा हक्क समोरच्या बाजूला असतो. संदर्भ तोडून दिला की तुटलेला तुकडा समोरचा उचलतो.

‘हो’ आणि ‘नाही’चा सापळा मराठी माणसाला विशेष जपावा लागतो. ‘तुम्ही ते पाहिलं नाहीत ना?’ असं कुणी विचारलं आणि आपण पाहिलं नसेल, तर आपण सहज ‘हो, नाही पाहिलं’ म्हणतो. त्याच प्रश्नाला इंग्रजीत ‘नो’ म्हणतात. नुसतं ‘यस’ आलं तर ते कशाला ‘यस’, हे पुढचे दोन प्रश्न वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. मराठी साक्षीदार दुभाष्यामार्फत बोलत असेल तर काळजी दुप्पट, कारण ट्रान्स्क्रिप्टमध्ये दुभाष्याचं इंग्रजीच उतरतं, मूळ मराठी वाक्य पानावर येतच नाही. अशी संदिग्ध जागा आली की सारांशात अर्थ लावायचा नाही. प्रश्न जसाच्या तसा उतरवायचा आणि पुढे ‘संदिग्ध’ असं लिहायचं.

145 पानांचं अंतर

विषयवार मांडणीचं फळ मिळतं ते आता. ‘अपघाताआधी व्यवस्थापक कुठे होता’ या विषयाखाली दोन नोंदी एकाखाली एक येतात.

58:12–17: एकपासून मागच्या गोदामात माल उतरवून घेत होतो, अपघाताचा पुकारा ऐकून बाहेर आलो, मध्ये दुकानात आलो नाही.

203:4–9: (स्वतःच्या वकिलाच्या प्रश्नांवर) सव्वादोनच्या सुमारास त्या रांगेतून गेलो, जमीन कोरडी होती.

दोन्ही खरं असू शकत नाही, आणि दुसरं उत्तर दुकानाला तारणारं आहे. सव्वादोनला जमीन कोरडी असेल, तर तेल जास्तीत जास्त अर्धा तास पडून होतं. पानांच्या क्रमाने केलेल्या सारांशात या दोन उत्तरांमध्ये 145 पानं असती. सकाळचं उत्तर संध्याकाळपर्यंत वाचणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. विषयाखाली ती शेजारी बसली की विसंगती आपोआप डोळ्यांत भरते.

सारांश लिहिणाऱ्याने तिथे ‘साक्षीदार खोटं बोलतो’ असं लिहायचं नाही. ‘58:12–17 शी ताडून पाहा’ एवढंच पुरे. निष्कर्ष काढणं हे वकिलाचं काम.

खटल्याच्या दिवशी काय होतं? व्यवस्थापक साक्षीला उभा राहतो आणि सव्वादोनची कोरडी जमीन पुन्हा सांगतो. वकील घाई करत नाही. ‘त्या जबानीत तुम्ही शपथ घेतली होती? तेव्हा घटना आजच्यापेक्षा ताजी होती?’ असं विचारून तो जमीन पक्की करतो. मग पान 58, ओळ 12 असं सांगतो. न्यायाधीश आणि समोरचा वकील तेच पान उघडतात, आणि वकील प्रश्न आणि उत्तर शब्दशः वाचतो. त्या क्षणी सारांशातलं एकही वाक्य कोर्टात उच्चारलं जात नाही. सारांशाने फक्त पान आणि ओळ दिली, बोलतं ते ट्रान्स्क्रिप्टच. म्हणूनच ओळ 12 च्या जागी 21 लिहिलं गेलं तर दहा पानांचा सुंदर सारांशही त्या क्षणी निरुपयोगी ठरतो.

जिथे चूक होते

अशी चूक माझ्या हातून झाली आहे. कोर्ट रिपोर्टर घाईच्या कामासाठी आधी कच्ची प्रत देतो आणि नंतर तपासून, प्रमाणित करून पक्की. कच्च्या प्रतीत शब्द राहिलेले असतात आणि मजकूर दुरुस्त झाला की ओळी सरकतात, कधी पूर्ण पानसुद्धा. मी एका जबानीचा सारांश कच्च्या प्रतीवरून केला आणि पक्की आल्यावर संदर्भ बदलले नाहीत. पहिल्या वीस पानांत फरक नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढे तो दोन-तीन ओळींचा झाला आणि शेवटी जवळजवळ अर्ध्या पानाचा. तिकडच्या एका सहायकाने खटल्याआधी सहज तीन संदर्भ पडताळले आणि तिन्ही चुकले. सगळं काम नव्याने करावं लागलं. तेव्हापासून सारांशाच्या डोक्यावर मी प्रतीचा प्रकार आणि तारीख लिहितो, आणि पडताळणी पहिल्या पानांपासून करत नाही, शेवटच्या पानांपासून करतो. ओळी सरकल्या असतील तर तिथे लगेच कळतं.

पडताळणीची माझी पद्धत साधी आहे. सारांशातलं वाक्य झाकायचं, फक्त संदर्भाच्या ओळी वाचायच्या, आणि त्यातून स्वतःला काय कळलं ते मनात म्हणायचं. मग झाकलेलं वाक्य उघडायचं. दोन्ही जुळली तर ठीक. वाक्यात ओळींपेक्षा जास्त काही निघालं, तर ते जास्तीचं माझ्या डोक्यातून आलेलं असतं आणि ते काढायचं.

दुसरी नाजूक जागा दुरुस्तीपत्रकाची. जबानी संपण्याआधी मागणी केलेली असेल, तर ट्रान्स्क्रिप्ट तयार झाल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत साक्षीदाराला ते तपासून कारणांसह बदल सुचवता येतात. आपला व्यवस्थापक 58:16 साठी लिहू शकतो: ‘“दुकानात आलो नाही”ऐवजी “मध्ये एकदा आलो” असं वाचावं, कारण, नंतर आठवलं.’ अशा अर्थ बदलणाऱ्या दुरुस्त्या कितपत चालतात यावर तिथल्या न्यायालयांत एकमत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी मूळ उत्तरही ज्युरीला वाचून दाखवता येतं. त्यामुळे सारांशात मूळ उत्तर पुसायचं नाही. त्याखालीच दुरुस्ती आणि तिचं कारण लिहायचं. जुनंच उत्तर ठेवून दुरुस्ती विसरली, तर वकील बेसावध पकडला जातो. दुरुस्तीच ठेवून जुनं उत्तर काढलं, तर त्याचं हत्यारच जातं.

आपल्याकडचा फरक

हे काम करताना मला आपल्या कोर्टातल्या नोंदी नेहमी आठवत. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे आपल्याकडे साक्ष सहसा कथनाच्या रूपात लिहिली जाते. प्रश्न गळतो आणि उत्तर वाक्य बनून उरतं: ‘हे खरे आहे की, मी त्या दिवशी हजर नव्हतो.’ एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं घेण्याची सोय आहे, पण ती खास कारणापुरती. म्हणून आपले वकील संदर्भ देतात तो परिच्छेदाचा. अमेरिकेतल्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये प्रश्न, हरकत, अडखळणं, ‘मला प्रश्न कळला नाही’ हे सगळं राहतं. त्यामुळे पानं वाढतात आणि सारांश लिहिणाऱ्याची गरज पडते, पण साक्षीदार नेमकं कशाला काय म्हणाला हे कायमचं तपासता येतं.

मुळातलं तत्त्व मात्र आपल्याकडेही तेच आहे. साक्षीदाराला त्याच्या आधीच्या लेखी जबाबाने खोडून काढायचं, तर त्यातला नेमका भाग आधी त्याच्या नजरेस आणून द्यावा लागतो. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 145 मध्ये हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. ‘तुम्ही पूर्वी वेगळं बोलला होतात’ एवढं म्हणून भागत नाही. कुठे आणि कोणत्या शब्दांत, ते दाखवावं लागतं.

बातमीत ‘साक्षीदाराने कबुली दिली’ असं वाचलं की मला आता दोन प्रश्न पडतात: त्याला नेमकं विचारलं काय होतं, आणि पुढच्या ओळीत तो काय म्हणाला? वाचकांनीही ते स्वतःला विचारावेत. 171:16 वर थांबलेल्याला कबुली दिसते, 171:18 पर्यंत वाचलेल्याला साक्ष कळते.